मशीन सोडून जायचं कसं?

तीन महिन्यांपूर्वी एका कारखान्यात ड्रायव्हर आणि मशीन ऑपरेटर यांच्यासाठी आरोग्य सत्र होतं. मूळव्याध कशी टाळावी, यावर मला बोलायचं होतं. मी कामगारांची आरोग्य तपासणी करणारी डॉक्टर आहे, त्यामुळे हे भाषण मला तोंडपाठ आहे. भरपूर पाणी प्या, चोथा असलेलं खा, कुंथू नका, कळ आली की लगेच जा. समोर साठेक पुरुष बसले होते आणि जवळजवळ सगळ्यांची नजर आपापल्या सेफ्टी शूजवर होती. एका बाईसमोर या विषयावर कोण मान वर करून बसणार?

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक प्रेस ऑपरेटर उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, कळ आली की जा म्हणता. पण मशीन सोडून जायचं कसं? रिलीव्हर नसला की लाइन थांबते. आम्ही दाबून ठेवतो." एवढं बोलून तो खाली बसला. आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी माना वर केल्या.

त्यानंतर मी उरलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि फक्त या दाबून ठेवण्याबद्दल बोलले. माझं आता स्पष्ट मत झालं आहे की बसून काम करणाऱ्या माणसाच्या मूळव्याधीची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते, आणि आपण मात्र ताटात काय आहे तेवढंच विचारत राहतो.

आत नेमकं काय होतं ते सांगते. मळ मोठ्या आतड्यातून शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते. आतला स्नायू आपोआप सैल पडतो आणि आपल्याला कळ जाणवते. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. तो आवळून धरला की थोड्या वेळात कळ विरून जाते. माणसाला वाटतं, चला, निभावलं. पण मळ आतच असतो आणि त्यातलं पाणी शोषलं जात राहतं. सकाळी जो मऊ होता, तो संध्याकाळी खडा झालेला असतो. आणि हे रोज होत राहिलं की गुदाशयाला भरलेलं राहायची सवय लागते. मग कळच मंद होते. "मला दोन-दोन दिवस लागतच नाही" असं सांगणारे कित्येक जण आधी वर्षानुवर्षं दाबून ठेवत आलेले असतात.

आता मूळव्याधीकडे येऊ. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकाला जन्मापासून असतात आणि दार घट्ट मिटायला मदत करतात. खडा झालेला मळ काढायला माणूस श्वास रोखून कुंथतो, तेव्हा या गाद्यांत रक्त साठून त्या फुगतात. वर कडक मळ त्यांना घासत, खाली ढकलत जातो. त्यांना जागेवर धरून ठेवणारे धागे हळूहळू सैल पडतात आणि गादी खाली सरकते. आपण ज्याला कोंब किंवा मोड म्हणतो, तो हाच.

म्हणून गाडीच्या सीटला सगळा दोष देणं मला पटत नाही. तासन्‌तास बसल्याने हालचाल कमी होते आणि कोठा मंदावतो, हे खरं आहे. पण जास्त नुकसान दुसऱ्या सीटवर होतं, संडासातल्या. कमोडवर बसलं की खालून आधार नसतो आणि गाद्यांत रक्त उतरत राहतं. त्यात हातात मोबाइल असला की पाच मिनिटांची पंचवीस कधी होतात ते कळत नाही. तिखटाचंही तसंच. तिखट खाल्ल्याने मूळव्याध होते असं घरोघरी सांगतात, पण त्याला तसा आधार सापडत नाही. गुदद्वाराला चीर पडली असेल, ज्याला फिशर म्हणतात, तर मात्र तिखटाने आग वाढते.

त्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरला मी त्याचा दिवस सगळ्यांसमोर सांगायला लावला. पहाटे चारला उठायचं, साडेचारला रिकाम्या पोटी गाडी काढायची. साडेसहाला स्टिअरिंगवरच काहीतरी खायचं. पावणेसातला कळ येते, तेव्हा गाडी रस्त्यावर असते आणि थांबायला जागा नसते. दाबून ठेवायची. लघवीला थांबावं लागू नये म्हणून दुपारी दोनपर्यंत जेमतेम दोन ग्लास पाणी. मग रात्री घरी मोबाइल घेऊन अर्धा तास संडासात, कुंथत. दोनदा पाणी लालसर दिसलं होतं, असंही तो हळूच म्हणाला.

यात चूक काढण्याआधी एक गोष्ट पाहा. त्याचं शरीर त्याला बरोबर वेळ सांगत होतं. झोपेतून उठल्यावर आतडं जागं होतं आणि पोटात अन्न पडलं की मोठं आतडं जोराने हलायला लागतं. त्यामुळे दिवसातल्या पहिल्या खाण्यानंतरचा अर्धा-पाऊण तास ही शौचाची सगळ्यात सोपी वेळ. त्याची ती वेळ रोज रस्त्यावर जात होती.

म्हणून आम्ही ती वेळ मागे सरकवली. उठणं पस्तीस मिनिटं अलीकडे. उठल्या उठल्या एक ग्लास कोमट पाणी आणि थोडं खाणं. पंधरा मिनिटांनी संडास, मोबाइल बाहेर. पायाखाली वीतभर उंचीचा पाट, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि आतली वाट सरळ होते. श्वास रोखायचा नाही, पोट सैल सोडायचं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. हे सगळ्यात अवघड जातं, कारण "बसलोय तर करूनच उठू" अशी आपली सवय असते. पहिले आठ-दहा दिवस त्याला काहीच झालं नाही आणि तो वैतागला. तिसऱ्या आठवड्यात बहुतेक सकाळी घरीच मोकळं व्हायला लागलं.

शिफ्ट बदलती असेल त्यांनी घड्याळाकडे पाहू नये. दुपारी तीनला उठत असाल तर तीच तुमची सकाळ, आणि त्यानंतरचं पहिलं खाणं हाच इशारा.

चोथ्याबद्दलही बोललो, कारण मळ मऊ नसेल तर नुसती वेळ पाळून भागत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो. या ड्रायव्हरच्या खाण्याचा हिशेब केला तर तो 12 ग्रॅमच्या आसपास आला. शिजवलेल्या कडधान्याची एक वाटी रोज वाढवली की सात-आठ ग्रॅम येतात, दोन फळांनी आणखी सहा. म्हणजे आकडा गाठता येतो, फार मोठा बदल नाही. पण एका दिवसात उडी मारायची नाही. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचं, नाहीतर पोट फुगतं, गॅस होतात, आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो.

पाणी टाळणाऱ्यांसाठी इथे एक धोका आहे. चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणूनच मळ मऊ राहतो. पाणीच नसेल तर तोच चोथा घट्ट गोळा होतो. इसबगोल घेणाऱ्याने तर ते पूर्ण ग्लासभर पाण्यातच घ्यावं, कोरडं किंवा घोटभर पाण्यावर कधीही नाही. ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. पुरेसं पाणी जातंय की नाही हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असावी. गर्द पिवळी असेल तर कमी पडतंय.

सत्र संपल्यावर सगळे गेले, एक जण थांबला. सत्तेचाळीस वर्षांचा लेथ ऑपरेटर, टोपी हातात चुरगाळत उभा. दाराकडे दोनदा पाहून मग बोलला. पाच महिन्यांपासून शौचानंतर रक्ताचे थेंब पडतात. लालभडक, आणि दुखत अजिबात नाही. दुखत नाही म्हणूनच त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आतल्या मूळव्याधीची हीच फसवी गोष्ट आहे. त्या जागी आपल्याला वेदना जाणवत नाही. चिरल्यासारखं दुखून थोडं रक्त आलं तर फिशरचा संशय जास्त.

मी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरट होती. जिना चढताना धाप लागते का विचारलं, तर म्हणाला, लागते, पण मला वाटलं वय झालं. हिमोग्लोबिन 8.2 निघालं. नळीतून तपासल्यावर दोन कोंब दिसले, दुसऱ्या पायरीचे, म्हणजे कुंथताना बाहेर येणारे आणि आपोआप आत जाणारे. तरी तेवढ्यावर थांबलो नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि अंगात रक्त कमी, अशा वेळी "मूळव्याधच असणार" म्हणून सोडून देता येत नाही, कारण मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच गुपचूप रक्त गाळतो. कोलोनोस्कोपी केली, ती स्वच्छ आली. मग कोंबांना रबर बँड लावले आणि रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी मळ काळा होतो आणि अनेकांना बद्धकोष्ठता होते, हेही आधीच सांगून ठेवलं, नाहीतर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो.

हे वाचणाऱ्या कुणाला असं रक्त जात असेल, तर कृपा करून एकदा तपासून घ्या. गोळी न घेता मळ डांबरासारखा काळा होत असेल, वजन उतरत असेल, कोठ्याची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहिली असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर अजिबात थांबू नका. आणि गुदद्वारापाशी अचानक टणक, निळसर, असह्य दुखणारी गाठ आली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टर गाठा. त्या काळात ती काढून टाकली तर आराम लवकर पडतो. पुढे उशीर झाला तर ती आपोआप बसायची वाट पाहावी लागते.

पण त्या ऑपरेटरचा प्रश्न उरतोच. ड्रायव्हर पस्तीस मिनिटं आधी उठू शकतो, मशीनवरचा माणूस काय करणार? कामगाराला "कळ दाबू नका" सांगायचं आणि रिलीव्हर द्यायचा नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. मी त्याच दिवशी प्रॉडक्शनच्या साहेबांना भेटले. त्यांना आउटपुटची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. मी एवढंच मागितलं की प्रत्येक लाइनला शिकवून तयार केलेला एक रिलीव्हर असावा, शिफ्टच्या पहिल्या दोन तासांत आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाभरात त्याला दुसरं काम नसावं, कारण कळ बहुतेक तेव्हाच येते. हात वर केला की दहा मिनिटं मशीन त्याच्याकडे. कारण विचारायचं नाही, वहीत लिहायचं नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टला हे सुरू होऊन आता दोन महिने झाले. सुपरवायझर सांगतो की दहा मिनिटं कुणी पूर्ण घेतच नाही, सहा-सातमध्ये माणूस परत येतो. नाइट शिफ्टला मात्र अजून रिलीव्हर दिलेला नाही, माणसं कमी आहेत म्हणतात. तो प्रश्न विचारणारा प्रेस ऑपरेटर या महिन्यात नाइटलाच आहे. सोमवारी मी पुन्हा साहेबांकडे जाणार आहे.