‘९३ टक्के यश’ म्हणजे नेमकं कोणाचं यश?

“निवृत्तांनो, पोस्टात पैसे सडवू नका! अणुबॉम्बच्या शास्त्रज्ञांची मॉन्टे कार्लो पद्धत वापरून कॉम्प्युटरने बाजाराच्या १०,००० शक्यता तपासल्या आहेत. मंदी, क्रॅश, सगळं धरून! १ कोटी २० लाखांतून महिना ५० हजार काढा, दरवर्षी ६ टक्के वाढवा, वयाच्या ८५ पर्यंत पैसे पुरण्याची खात्री ९३ टक्के. उरलेल्या ७ टक्क्यांत थोडी काटकसर करावी लागेल, एवढंच. पोस्टाची स्कीम मोडा, एसडब्ल्यूपी सुरू करा. प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला पाठवा.”

हा मेसेज गेले दोन महिने माझ्या फोनवर येत होता आणि मी तो पुसत होतो. एसडब्ल्यूपी म्हणजे म्युच्युअल फंडात पैसे टाकून त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम काढत राहणं. मागच्या शनिवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून नेरुळला ताईकडे गेलो, तर भावोजींनी पोस्टातून खातं बंद करायचा फॉर्म आणून ठेवलेला. सिनियर सिटिझन स्कीममध्ये त्यांच्या १ कोटी २० लाखांतले ३० लाख आहेत. रबाळ्याच्या कंपनीतून दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले तेव्हा ठेवलेले, ८.२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी दर पक्का. दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात जमा होतात. आता मोडले तर दीड टक्का कापला जाणार, म्हणजे ४५ हजार सरळ गेले. “अरे, दहा हजार वेळा तपासलंय,” भावोजी म्हणाले. तेव्हा पुसून भागणार नाही हे कळलं.

अणुबॉम्बचं आधी उरकतो, कारण ते खरं आहे. १९४०च्या दशकात लॉस अलामोसला स्टानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ही पद्धत न्यूट्रॉनचा प्रवास मोजायला वापरली आणि मेट्रोपोलिस व उलाम यांचा तिच्यावरचा निबंध १९४९ साली छापून आला. पण न्यूट्रॉन अणूवर आपटला तर काय होतं, त्याचे आकडे प्रयोगशाळेत मोजता येतात आणि ते उद्या बदलत नाहीत. शेअर बाजार पुढची पंचवीस वर्षं सरासरी किती देईल, हा आकडा कोणी मोजलेला नाही. तो मेसेज बनवणाऱ्याने टाकला आहे. मेसेजसोबत आलेल्या पीडीएफच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: सरासरी परतावा १२ टक्के, चढउतार १० टक्के. सगळा खेळ या दोन आकड्यांचा आहे.

कॉम्प्युटर करतो काय, ते भावोजींना त्यांच्याच लॅपटॉपवर दाखवलं. स्प्रेडशीटच्या एका घरात हे लिहा:

```
=NORM.INV(RAND(),0.12,0.1)
```

यातून एका वर्षाचा परतावा पडतो. कधी १५ टक्के, कधी ३, कधी उणे ६. अशी पंचवीस घरं म्हणजे एक वाट. वर्षाच्या सुरुवातीला त्या वर्षाचा खर्च काढायचा, उरलेल्याला तो परतावा लावायचा, पुढच्या वर्षी खर्च ६ टक्क्यांनी वाढवायचा. पंचविसाव्या वर्षाअखेर शिल्लक असली तर वाट ‘यशस्वी’. अशा हजारो वाटा करायच्या आणि त्यातल्या किती यशस्वी झाल्या ते मोजायचं. ९३ टक्के म्हणजे एवढंच: १२ आणि १० हे आकडे खरे मानले, तर शंभरातल्या त्र्याण्णव वाटांत शेवटी काहीतरी उरलं. तीन कोटी उरलेली वाट आणि तीन रुपये उरलेली वाट, दोन्ही सारख्याच पास.

मग १२ च्या जागी १० टाकले. बाकी काही हलवलं नाही. ९३ चे ७० झाले, एखादा टक्का इकडेतिकडे.

भावोजी गप्प झाले ते इथे. दहा हजार वाटांनी फक्त मोजणीतला डळमळीतपणा जातो. हजार वाटा घेतल्या तर उत्तर दर वेळी टक्का-दीड टक्क्याने इकडेतिकडे होतं, दहा हजार घेतल्या तर अर्ध्या टक्क्यात बसतं. पण सरासरीत दोन टक्क्यांची चूक असेल तर दहा लाख वाटा करा, उत्तर बावीस-तेवीस टक्क्यांनी चुकलेलंच राहील, फक्त ते जास्त ठामपणे चुकेल. आणि पंचवीस वर्षांच्या सरासरीत दोन टक्क्यांची चूक होणं ही काही मोठी गोष्ट नाही.

‘मंदी, क्रॅश, सगळं धरून’ या चार शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सेन्सेक्स २००७ च्या अखेरीस २०,२८७ वर होता आणि २००८ च्या अखेरीस ९,६४७ वर. एका वर्षात ५२ टक्के साफ. समजा एखाद्याचे अर्धे पैसे सेन्सेक्समध्ये आणि अर्धे ८ टक्क्यांच्या एफडीत होते, तर त्याचे एकूण साधारण २२ टक्के बुडाले. आता या मॉडेलला विचारा, असं वर्ष कितीदा येतं? सरासरी १२, तिथून उणे २२ म्हणजे ३४ टक्के खाली. चढउतार १० चा, म्हणजे जवळपास साडेतीन पायऱ्या. घंटेच्या आकाराच्या त्या वक्रात इतकं खाली जाणारं वर्ष साधारण तीन हजार वर्षांत एकदा येतं. तीन हजार! ते वर्ष भावोजींनी नोकरीत असताना स्वतः पाहिलंय, त्यांच्या कंपनीने तेव्हा ओव्हरटाइम बंद केला होता. मॉडेल त्याला जवळजवळ अशक्य म्हणतं आणि मेसेज म्हणतो क्रॅश धरलेत.

शिवाय १२ टक्के आणि १० चा चढउतार ही जोडीच जुळत नाही. १२ ची आशा धरायची तर बहुतेक पैसा शेअरमध्ये हवा आणि शेअर इतके शांत नसतात. २००८ मध्ये उणे ५२ देणारा सेन्सेक्स २००९ मध्ये ८१ टक्के वर गेला. परतावा शेअरचा आणि चढउतार निम्म्या एफडीचा घेतला की आकडा नव्वदीपार जातोच.

‘थोडी काटकसर’चं बघू. नापास वाटांपैकी एक उघडून पाहिली पाहिजे, टक्क्यांत ती दिसत नाही. समजा पहिल्या तीन वर्षांत परतावा उणे १५, उणे ५ आणि शून्य आला आणि त्यानंतर दरवर्षी न चुकता १२. पहिल्या वर्षी ६ लाख काढून उरलेले ११४ लाख ९७ वर आले. पुढच्या वर्षी ६ लाख ३६ हजार काढले, उरले ८६. तिसऱ्या वर्षाअखेर ७९ लाख. पुढे सोळा वर्षं १२ टक्के मिळूनही विसाव्या वर्षाच्या खर्चाला पैसे पुरत नाहीत. माणूस तेव्हा ७९ चा असतो. हेच वीस परतावे, पण वाईट तीन वर्षं शेवटी आली, तर विसाव्या वर्षाअखेर सुमारे २ कोटी ४० लाख शिल्लक असतात. सरासरी तीच, परतावे तेच, फक्त क्रम उलटा. ७९ व्या वर्षी शून्यावर आलेल्या माणसाला काटकसर कशात करायला सांगणार?

आणि ८५ हे वय कोणाचं? भावोजी साठीला टेकलेत, ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. ते ८५ चे होतील तेव्हा ताई ८० ची असेल. आमची आई ८८ ची आहे आणि परवा मटार सोलत बसली होती. ताईसाठी पंचवीस नाही, पस्तीस वर्षं धरायला हवीत. मेसेजमधल्या ‘यशा’त ताईची शेवटची वर्षं मोजलेलीच नाहीत. हे मी बोललो तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि फॉर्म उचलून टीव्हीच्या कपाटात ठेवला.

अमेरिकेतही सिद्ध झालंय, असं भावोजींच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराचा, निवृत्तीनंतर किती काढावं यावरचा १९९४ चा जो लेख सगळे नाचवतात तो अमेरिकेच्या १९२६ पासूनच्या आकड्यांवर आहे, आणि त्यात पहिल्या वर्षी काढायची रक्कम ४ टक्क्यांच्या आसपास आहे. इथे ५ टक्के काढायला सांगताहेत. त्यावर जास्त बोलत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, मनाविरुद्ध का होईना. बँकेतला माणूस जो सरळ हिशोब करून देतो, ‘दरवर्षी १० टक्के धरा’ वाला, त्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. तो सरळ हिशोब याच रकमेला ३५ वर्षं पुरतील म्हणतो, आणि वाटा पाडून पाहिलं तर दहातल्या तीन वाटांत पंचवीस वर्षांच्या आतच पैसे संपतात. हे सरळ हिशोबात कधीच दिसलं नसतं.

दुसरी बाजूही आहे. मॉडेलमधला पेन्शनर डोळे मिटून खर्च वाढवत राहतो. खरा माणूस तसा नसतो. वरच्याच वाईट वाटेत, पहिल्या तीन वेळची ६ टक्के वाढ घेतली नाही, म्हणजे चौथ्या वर्षीही ६ लाखच काढले आणि वाढ त्यानंतर पुन्हा सुरू केली, तर पैसे विसाव्या वर्षी संपायच्या ऐवजी पंचविसावं वर्ष ओलांडतात. काटकसर चालते, पण ती सुरुवातीला करावी लागते, ७९ व्या वर्षी नाही. आणि ती कधी करायची हे सांगायला दहा हजार वाटा लागत नाहीत. वर्षाचा खर्च भागिले शिल्लक, एवढा भागाकार पुरतो. सुरुवातीला तो ५ टक्के होता. त्या वाईट वाटेत वाढ घेत राहिलं तर चौथ्या वर्षी तो ९ वर पोचतो. पैसे संपायच्या सोळा वर्षं आधी धोका कागदावर दिसत होता.

भावोजींनी पोस्टाचं खातं ठेवलंय. वर्षाच्या ६ लाखांतले २ लाख ४६ हजार तिथून येतात, म्हणजे बाजार पडलेल्या वर्षी तेवढी युनिट्स विकावी लागणार नाहीत. उरलेल्या ९० लाखांचं काय करायचं यावर आमचं अजून एकमत नाही, ते शेअरमध्ये निम्म्याहून जास्त ठेवायचं म्हणतात. ताईच्या दूध-पेपरच्या वहीत मात्र मागच्या पानावर एक ओळ आली आहे: दर एप्रिलला खर्च भागिले शिल्लक, साडेसहाच्या वर गेलं तर त्या वर्षी वाढ नाही.