फ्रीझचा नियम कॅप्शनमध्येच का हवा

जिमच्या जाहिरातीच्या इन्स्टाग्राम कॅप्शनमध्येच शुल्क, मुदत आणि फ्रीझचा, म्हणजे सदस्यत्व काही दिवस थांबवण्याचा, नियम लिहावा या माझ्या म्हणण्यावर वाचकाची प्रतिक्रिया : “कॅप्शन ही जाहिरात असते, करारनामा नव्हे. इतके नियम कोण वाचणार? ते काउंटरवर सांगता येतात. आणि ‘ढेरी कमी करा’ म्हटल्याशिवाय जिमला फोन येत नाहीत.”

सप्रेम नमस्कार,

लांबीचा आक्षेप पहिल्या दोन ओळींपुरता मला मान्य आहे, कारण इन्स्टाग्रामवर त्यापुढचा मजकूर उघडल्याशिवाय दिसत नाही. म्हणूनच एकूण रक्कम आणि मुदत तिथे हवी. पूर्ण मजकूर मी असा लिहीन :

“तीन महिन्यांचे सदस्यत्व, करासह ₹४,७२५. नोंदणी शुल्क नाही. ही सवलत ३१ ऑक्टोबरपर्यंत. सदस्यत्वाची मुदत पहिल्या हजेरीच्या दिवसापासून. मुदतीत एकदा सलग ७ ते १५ दिवस मोफत फ्रीझ. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवावे. जितके दिवस फ्रीझ, तितकी मुदत पुढे. व्यायाम कधीच केला नसेल तरी या. पहिल्या आठवड्यात प्रशिक्षक प्रत्येक यंत्र लावून दाखवतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत.”

मूळ शुल्क ₹४,५०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ₹२२५, असा हा हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे नुसते ‘जीएसटी वेगळा’ लिहिले तर जुना दर डोक्यात असलेला माणूस ₹५,३१० धरून चालतो आणि विचारायलाही येत नाही.

खरी भांडणे मात्र फ्रीझवरून होतात. समजा, सदस्यत्व १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी आहे आणि घरच्या लग्नासाठी सदस्याने १० ते १९ डिसेंबर असे दहा दिवस फ्रीझ घेतले, तर मुदत १० फेब्रुवारीला संपेल. तोच सदस्य न कळवता गेला आणि परतल्यावर दिवस मागू लागला, तर ‘फ्रीझची सोय आहे’ एवढ्याच वाक्यावरून सदस्य आणि जिमवाले दोघेही स्वतःला बरोबर समजतात. काउंटरवर तोंडी सांगितलेला नियम त्या वेळी दाखवता येत नाही. अचानक आलेल्या आजारपणात डॉक्टरांची चिठ्ठी चालणार असेल, तर तेही एका वाक्यात लिहावे, कारण तिथे आदल्या दिवशी कळवणे शक्यच नसते.

आता ढेरीविषयी. त्या वाक्याने फोन येत असतीलही. पण गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या काकू किंवा वजन वाढवायला निघालेला सडपातळ मुलगा ते वाचून ही जागा आपली नाही असेच समजतात, आणि ज्याला खरोखर वजन उतरवायचे आहे त्याला आरसा घरीही असतो. नवख्याची धास्ती बहुधा वेगळी असते : यंत्र कसे वापरायचे, कोणाला विचारायचे, त्याचे वेगळे पैसे पडतील का. कॅप्शनचे शेवटचे वाक्य त्यासाठीच आहे. मजकूर तरीही लांब वाटला, तर ‘धमाका’, ‘मर्यादित जागा’ असली विशेषणे आधी काढावीत. माझ्या नमुन्यात ती मुळात नाहीत.