हात वर करून धंदा ठरवू नका

आज संध्याकाळी आमच्या घरच्या सोप्यावर माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र बसले होते. प्रत्येकी पंचाहत्तर हजार, म्हणजे एकूण तीन लाख रुपये घालून काहीतरी सुरू करायचे, असे त्यांचे गेले दोन महिने चालले आहे. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मतदान चालू होते. छोटे कॅफे काढायचे, असे तिघांनी हात वर करून ठरवले. हात वर न करणारा एकटा तोच होता, ज्याला स्वयंपाक येतो आणि ज्याच्या हातून त्या कॅफेतला प्रत्येक पदार्थ बाहेर पडणार होता. बाकीच्या तिघांनी त्याला हसत हसत सांगितले, “तीन विरुद्ध एक, आता ठरले.” मला इतका राग आला की मी ट्रे तिथेच ठेवला आणि खाली बसले.

राग येण्याचे कारण जुने आहे. २०१४ साली आम्ही चार मैत्रिणींनी प्रत्येकी पन्नास हजार घालून फोंड्यात सँडविच आणि फळांच्या रसाचे दुकान काढले होते. तेही असेच ठरले होते. चौघींनाही ते आवडले होते, कारण चौघींनाही तशा दुकानात बसायला आवडत असे. गिऱ्हाईक म्हणून आवडणे आणि पहाटे पाचला उठून काकडी-टोमॅटो चिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या ध्यानात आले नाही. आम्हा तिघींना नोकऱ्या होत्या. चौथी घरी होती, तिच्या हाताला चव होती, म्हणून दुकान तिने बघायचे हे न बोलताच ठरले. चौदा महिने तिने ते बघितले. नफा मात्र चौघींत सारखा वाटला जाई.

ती वही अजून माझ्याकडे आहे. माल, भाडे, वीज, बर्फ असे सगळे रकाने तिच्यात आहेत आणि प्रत्येक पान नीट भरलेले आहे, कारण हिशेब मी लिहीत असे. दुकान बघणाऱ्या त्या चौथीच्या मजुरीचा रकाना मी कधी आखलाच नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मधील कलम १३ सुद्धा हेच सांगते, हे मला दुकान मोडल्यावर कळले. भागीदारांनी आपसात वेगळे ठरवलेले नसेल, तर भांडवल कोणाचे कितीही असो, नफातोटा सारखा वाटायचा आणि धंद्यासाठी राबणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा मेहनताना मिळत नाही. म्हणजे आम्ही काहीच ठरवले नाही, आणि त्याचा पूर्ण भार तिच्या एकटीच्या अंगावर पडला.

म्हणून आज मी त्या मुलांना सांगितले की आवड बाजूला ठेवा आणि प्रत्येक कल्पनेसाठी एक वेगळा कागद घ्या. त्यावर पैशांच्या आधी तास लिहा, आणि तासांसमोर नाव लिहा. “आपण बघू”, “कोणीतरी जाईल” असे चालणार नाही. कोण, कोणत्या वेळी, महिन्यातून किती तास. कॅफेच्या कागदावर पहिलाच प्रश्न आला की सकाळी आठला कुलूप कोण उघडणार. भाचा कचेरीत हिशेबनीस आहे, दुसरा आयटीआय झालेला वायरमन आहे आणि दिवसभर कामावर असतो, तिसऱ्याची पिकअप असली तरी सकाळचा माल त्याला पोहोचवावाच लागतो. नावाच्या जागी पुन्हा पुन्हा त्या चौथ्याचेच नाव येऊ लागले. पाच मिनिटांत कॅफेचा कागद त्यांनीच उलटा करून ठेवला.

मग दोन कल्पना उरल्या. स्वयंपाक येणाऱ्याला कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना दुपारचे डबे द्यायचे आहेत. वायरमनला लग्न, जत्रा आणि गणेश चवथीसाठी खुर्च्या, टेबले आणि लाइटिंग भाड्याने द्यायचे आहे. एकाला दुसऱ्याची कल्पना कंटाळवाणी वाटते, आणि हे अगदी साहजिक आहे. इथे मी एक गोष्ट मुद्दाम करायला लावली. डब्यांचा खर्च वायरमनने लिहायचा आणि खुर्च्यांचा खर्च स्वयंपाकवाल्याने. आपल्या लाडक्या कल्पनेचा खर्च माणूस नेहमी कमी लिहितो, त्यात लबाडी नसते, त्याला तो खर्च खरोखर दिसतच नाही. वायरमनने लगेच विचारले की रविवारी आणि चवथीच्या दिवसांत कारखान्यातले डबे बंद राहणार, त्याचे काय. उलट बाजूने स्वयंपाकवाल्याने विचारले की मेणाचे आणि चिखलाचे डाग पडून परत आलेल्या खुर्च्या कोण धुणार, आणि रात्री बारा वाजता बॅटरीच्या उजेडात त्या मोजून कोण घेणार. वायरमन गप्प झाला, कारण धुण्याचे तास त्याने धरलेच नव्हते.

आकडे असे निघाले. चाळीस डबे, नव्वद रुपयांना एक, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे नव्वद हजारांची विक्री. शिधासामग्रीला पन्नास हजार, गॅस, पोहोचवणे आणि खोलीला अठरा हजार. उरले बावीस हजार, आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. तेव्हा मी म्हटले, आता मजुरी काढा. रांधण्याचे दीडशे तास, पोहोचवण्याचे पंचाहत्तर, हिशेबाचे दहा. बाहेरचा मदतनीस ठेवला तर जे द्यावे लागेल, त्या हिशेबाने त्यांनी तासाला ऐंशी रुपये धरले. अठरा हजार आठशे रुपये मजुरीतच गेले आणि चौघांच्या भांडवलासाठी महिन्याला तीन हजार दोनशे राहिले, म्हणजे सुट्ट्यांचे दिवस वजा जाता वर्षाला पस्तीस हजारांच्या आसपास. डबे तीसवर आले तर मजुरी फारशी कमी होत नाही, कारण तीस माणसांचा भात शिजवायलाही सकाळ तेवढीच लागते, आणि मग दर महिन्याला खिशातून पैसे घालावे लागतात.

माझ्या वहीत हाच रकाना नव्हता. तो असता तर आमचे दुकान पहिल्या दिवसापासून तोट्यात होते आणि तो तोटा एक मैत्रीण आपल्या कष्टातून भरत होती, हे पहिल्याच महिन्यात दिसले असते.

खुर्च्या-लाइटिंगचे गणित वर्षाचे मांडावे लागले, कारण ते काम महिन्यागणिक सारखे येत नाही. जून-जुलैच्या पावसात जवळजवळ काहीच नाही, चवथीला एकदम गर्दी, मग लग्ने आणि जत्रा. वायरमनने वर्षाला सत्तर कामे धरली होती, एका कामाचे साडेतीन हजार. वाहतूक, मोडतोड आणि सामान ठेवायची खोली वजा करून एक लाख चाळीस हजार उरले, धुण्या-मोजण्यासकट सगळी मजुरी काढल्यावर पंच्याण्णव हजार. इथे कोणीही म्हणेल की निकाल लागला. पण मी त्यांना तोच हिशेब चाळीस कामांचा करायला लावला, आणि मजुरी जाता तेहतीस हजार उरले. म्हणजे चाळीस कामे मिळाली तर दोन्ही धंदे जवळपास सारखे, त्यापेक्षा कमी मिळाली तर डबे बरे, सत्तर मिळाली तर खुर्च्या कितीतरी बऱ्या. दोन कल्पनांची तुलना करायची ती एवढ्याचसाठी, की निर्णय कोणत्या एका आकड्यावर अडला आहे ते कळावे. तो आकडा चार देवळांच्या समित्यांकडे आणि दोन हॉलवाल्यांकडे जाऊन विचारता येतो. आवड कोणाला जाऊन विचारणार?

यानंतरचा प्रश्न विचारताना माझाच आवाज जड झाला. धंदा वर्षाने बंद केला तर किती पैसे परत येतात? आमच्या दुकानाच्या फरश्या, रंग, ओटा आणि फळ्यांवर सत्तर हजार गेले होते, आणि सोडताना हातात आले अकरा हजार. फरशी उखडून विकता येत नाही. या मुलांच्या खुर्च्या-लाइटिंगला दोन लाख वीस हजार लागतील, पण जुन्या खुर्च्या आणि वायर विकल्या जातात, त्यामुळे त्यांच्या अंदाजाने लाखभर परत येईल, म्हणजे माणशी तीस हजार धोक्यात. डब्यांत माणशी वीस हजार. मी विचारले की तीस हजार बुडाले तर कोणाला कर्ज काढावे लागेल. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पिकअपवाल्याने सांगितले की त्याचे पंचाहत्तर हजार आईच्या बांगड्या गहाण ठेवून आलेले आहेत. दोन महिन्यांत हे त्याने मित्रांना सांगितले नव्हते. चौघांचा आकडा सारखा होता, पण चौघांचे पैसे सारखे नव्हते. जो सर्वांत कमी सोसू शकतो, त्याच्या मापाने धोक्याची रेघ ओढायची असते, आणि त्यासाठी ते माप आधी बोलले गेले पाहिजे. भागीदारीत देणी थकली तर घेणेकरी कोणा एका भागीदाराकडूनही पूर्ण वसूल करू शकतो, हेही मी त्यांना सांगितले.

आवड अजिबात नसलेले काम फार दिवस होत नाही, हे मला मान्य आहे. पण आवड बघायचीच असेल तर राबणाऱ्याची बघा, बाकीच्यांची नको.

एवढे झाल्यावर त्या स्वयंपाकवाल्या मुलाने डब्यांचा कागद पुन्हा हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. “मावशी, यातले दीडशे तास माझे आहेत. हा चौघांचा धंदा नाही, माझा एकट्याचा आहे,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. मग भाच्यानेच सुचवले की तसे असेल तर डब्यांसाठी आपण भागीदार न होता त्याला ठरलेल्या व्याजाने, लेखी, थोडी थोडी रक्कम उसनी द्यावी. तो मजुरीही घेईल आणि नफाही त्याचाच राहील, आणि बांगड्यांचे पैसे यात घालायचेच नाहीत. चौघांनी मिळून करायचे ते खुर्च्यांचेच, कारण तिथे वायर जोडणे, वाहतूक, हिशेब आणि लग्नघरी बोलणे अशी चार वेगळी कामे खरोखर आहेत. पण तेही चाळीसचा आकडा पक्का झाल्यावर, आणि पहिले दोन महिने दुसऱ्याच्या खुर्च्या भाड्याने आणून.

आमच्या चौथीला हे कोणी सुचवले असते तर. मंगेशीच्या जत्रेत ती अजूनही मला बघून वाट बदलते. दुकान मोडले त्या दिवशी तिने एवढेच विचारले होते, “मी भागीदार होते की मजूर?” त्या वेळी मला तिचा राग आला होता. वही माझ्या हातात होती आणि उत्तर त्या वहीतच होते, तरी मी तिला म्हटले की तू पैशांवरून मैत्री मोडतेस.

रविवारी मुले देवळांच्या समित्यांना भेटायला जाणार आहेत. जाताना भाच्याने माझी जुनी वही मागून घेतली, रकाने कसे आखायचे ते बघायला म्हणून. मी देण्याआधी तिच्या पहिल्या पानावर, अकरा वर्षांनी, मजुरीचा रकाना आखला, आणि चौदा महिन्यांचे तिचे तास मला आठवतात तसे भरले.