चार जणांचं नेतृत्व कसं लपवावं

नोकरीचा एका दिवसाचाही अनुभव नाही, हातात एमबीएची ताजी पदवी आहे आणि सातपूरच्या कंपनीत मुलाखत आहे? घाबरताय कशाला! दुसऱ्या सेमिस्टरला एक केस कॉम्पिटिशन केली होती ना? झालं तर मग. रेझ्युमेवर पहिलीच ओळ ठोका: 'क्रॉस-फंक्शनल टीमचं यशस्वी नेतृत्व केलं.' टीम म्हणजे तुम्ही, तुमचा रूममेट आणि मार्केटिंगच्या दोन मुली, हे सांगत बसू नका. तिसरा नंबर आला होता, तर 'फायनलिस्ट' लिहा. एकूण संघ किती, असं कोणी विचारलंच तर घोटभर पाणी प्या. (सहा होते.)

पथ्य एकच. त्या रात्री खरं काय घडलं, ते बाहेर फुटू देऊ नका.

केस होती कांदा साठवणुकीची. तुमच्या स्लाइडवरचा हिशोब देखणा होता. मे महिन्यात 1,200 रुपये भावाचा 100 क्विंटल कांदा चाळीत ठेवायचा, सप्टेंबरात 1,800 नं विकायचा, 60,000 सुटले! मग तुम्हाला अवदसा आठवली आणि तुम्ही निफाडच्या मामांना फोन लावला. मामा आधी पोटभर हसले. "शंभर ठेवले की शंभरच निघतात का रे? वजन घटतं, कोंब येतात, खालचा थर सडतो. सत्तर निघाले तरी देव पावला."

सत्तर क्विंटलचे 1,26,000 होतात. ठेवला होता 1,20,000 चा माल. उरले 6,000, आणि त्यातून निवडणाऱ्या बायकांची मजुरी अजून द्यायचीच होती.

तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि सकाळी नऊला सादरीकरण. 'भाव चढेपर्यंत थांबा' असं शेतकऱ्याला सांगणारं अ‍ॅप रूममेटनं दोन दिवस खपून पाच स्लाइडांत बसवलं होतं. ते तुम्ही काढायला लावलंत. तो चिडला, तुमच्या नव्या हिशोबात एकामागून एक भोकं पाडली आणि पांघरूण ओढून झोपला. पहाटे त्याला उठवून चहा पाजलात आणि म्हणालात, "आमच्या हिशोबाला सगळ्यात जास्त भोकं तूच पाडलीस, तर परीक्षकांचे प्रश्न तूच घे." निम्मा कांदा लगेच विकायचा आणि उरलेल्यासाठी चाळीला खालून हवा खेळती ठेवायची, एवढंच तुम्ही सुचवलंत. घट किती धरली, हा प्रश्न आलाच, आणि त्यानं तो अंगावर घेतला.

असलं काही सांगायचं नसतं हो. त्यात मामा आहेत, भांडण आहे, तुमची स्वतःची चूक आहे, आणि ती कुणी कशी दुरुस्त केली तेही आहे. मुलाखतीत शोभत नाही.

साहेब विचारतील, "टीममध्ये मतभेद झाले, तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत?" ताठ बसा. 'मी' हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. म्हणा, "सर, आमची टीम एकदिलानं काम करत होती. मतभेद झालेच नाहीत."

साहेब मान डोलावतील, तुमचा रेझ्युमे पालथा ठेवतील आणि विचारतील, "बरं, छंद काय तुमचे?"