लवकर म्हणजे किती वाजता ते सांगा ना

आज डोकं फिरलंय. मे संपत आला, गवंडी सकाळपासून खळ्यात बसून, आणि वाळूवाल्याचं एकच, "निघालीच बघा गाडी, लवकरच पोचतेय." आली दुपारी तीनला. तीही म्हणे "छोटी गाडी आहे पण ब्रासभर माल आहे, वर थोडी जास्तच टाकलीय."

टेप काढला. फाळका उघडायच्या आधी वरचा ढीग फावड्याने सपाट करायला लावला, कारण ढीग बघून सगळे फसतात. आतून लांबी ८ फूट, रुंदी ५, सपाट केल्यावर उंची दीड फूट. गुणा, ६० घनफूट. ब्रास म्हणजे १००! चाळीस फूट वाळू गेली कुठे? तर ड्रायव्हर म्हणतो, "आमच्याकडे हिलाच ब्रास म्हणतात." तुमच्याकडे फूट वेगळा असतो का रे? पैसे ६० चेच दिले, तोंड वाकडं करून गेला.

म्हणून आता "किती आहे" विचारायचंच नाही. हौद्याची आतली मापं फोनवरच घ्यायची आणि भाव घनफुटावर ठरवायचा, मग गाडी छोटी असो नाहीतर मोठी.

वेळेचंही तसंच. "कधी येणार" विचारलं की "लवकर" हेच येणार, त्यामुळे दोन टोकं विचारा. लवकरात लवकर किती वाजता, आणि उशिरात उशिरा किती वाजता, ज्याच्या पुढे मी दुसरीकडून मागवली तर चालेल? दुसऱ्या प्रश्नाला माणूस गप्प होतो आणि मग खरी वेळ बाहेर पडते. तरीही "बघतो" म्हणाला तर विचारा, गाडी आत्ता कुठे उभी आहे, भरली का? भरलीच नसेल तर "निघालीच" कसली?

आणि हे काय फक्त वाळूवाल्याचं आहे? सुतार "पावसाआधी कौलं चाळून देतो" म्हणतो, अहो कुठल्या पावसाआधी, वळवाच्या की मृगाच्या? ७ जूनच्या आधी वाशांची कामं संपणार का, हो की नाही, एवढंच बोला ना! रस्ता विचारला की "हे काय, इथेच पुढे", मग घाटी चढून दम लागतो.

हवामान खात्याला लोक उगाच नावं ठेवतात. निदान त्यांच्या शब्दामागे आकडा तरी असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जास्तीत जास्त पाव भागातली केंद्रं. आभाळातल्या पावसाला हे जमतं आणि तीन मैलांवरून येणाऱ्या वाळूच्या गाडीला जमत नाही! उरलेले चाळीस फूट उद्या अकराच्या आत खळ्यात पडले नाहीत तर दुसऱ्याला फोन जाणार, तसा मेसेज टाकलाय आणि समोरून "ओके" लिहून घेतलंय.