पनीर रश्श्यात चिवट होत नाही, बहुतेक वेळा त्याआधीच झालेलं असतं

गेल्या शनिवारी पाहुणे येणार म्हणून दोन लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर केलं. ते दाबायला ठेवलं आणि तेवढ्यात फोन आला, "वहिनी, पोराला ताप आहे, आज नाही जमणार." घरात खाणारे आम्ही दोघं आणि समोर जवळजवळ चारशे ग्रॅम पनीर. मग काय, त्या पनीरने आठवडाभर जे शिकवलं ते लिहून टाकते.

माझं मत आधीच सांगते. पनीर रबरासारखं झालं की आपण ग्रेव्हीला दोष देतो, पण निम्मा घोळ दूध फाडतानाच झालेला असतो. उकळत्या दुधात लिंबू पिळायचं आणि वर पाच मिनिटं खळखळू द्यायचं, ही आपली जुनी खोड. उष्णतेने दुधातली प्रथिनं आवळत जातात आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढतात. पनीरचा मऊपणा म्हणजे त्यात अडकलेलं पाणी आणि स्निग्धांशच. म्हणून मी दूध उकळलं की गॅस बंद करते, दोन-तीन मिनिटं थांबते आणि लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून चमच्याचमच्याने घालते. लिटरला दोन मोठे चमचे रस साधारण पुरतो. हिरवट, नितळ पाणी सुटलं की हात आखडायचा. पाणी अजून दुधाळ दिसत असेल तरच आणखी थोडा रस. मग फडक्यात गाळून वरून गार पाणी ओतायचं, म्हणजे आंबटपणाही जातो आणि आतलं शिजणंही थांबतं. वर दोन-तीन किलोचं वजन, अर्धा तास. रात्रभर वरवंटा ठेवला तर वीट मिळेल, पनीर नाही.

आता साठवण. माझ्या जाऊबाई ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात. मीही एकदा ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी कडा पिवळ्या आणि कडक. तेव्हापासून मी उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खा तुकडा बुडवते, वर झाकणाचा डबा, आणि रोज पाणी बदलते. दूध तर उकळलेलंच असतं. नासवणारे जंतू नंतर येतात ते आपल्या हातांतून, फडक्यातून, सुरीवरून. म्हणून फडकं उकळून घ्यायचं आणि पनीर चमच्याने काढायचं. दूध फाडून निघालेल्याच पाण्यात ठेवा, असाही सल्ला मिळतो. मला तो पटत नाही, त्यात पनीर लवकर आंबतं. ते पाणी कणीक मळायला घ्या.

असं ठेवलेलं पनीर तीन-चार दिवस छान राहतं. हाताला बुळबुळीत लागलं, पाणी गढुळलं किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. "तळलं की चालतं" हा बचाव नको.

आठवडा काढायचा असेल तर फ्रीझर. मी त्याच दिवशी निम्म्याचे चौकोनी तुकडे केले, ताटात सुटे पसरून गोठवले आणि मग पिशवीत भरले. पण स्पष्ट सांगते, गोठलेलं पनीर पहिल्यासारखं राहत नाही. आतल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते वितळल्यावर तुकडा जाळीदार होतो. भुर्जीला आणि पराठ्याला उत्तम, पाहुण्यांपुढच्या भाजीला नाही.

पाण्यातलं पनीर बुधवारी मटारच्या भाजीत घातलं. फ्रिजमधून काढलेला तुकडा कडकच लागतो, कारण त्यातला लोण्यासारखा स्निग्धांश गारठून घट्ट झालेला असतो. ते बघून घाबरून आपण ते रश्श्यात खूप वेळ शिजवतो, आणि तिथेच उरलासुरला ओलावा जातो. मी तुकडे करून गरम, किंचित मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले. उकळतं पाणी नव्हे, बोट बुडवलं तर चटकन मागे घ्यावंसं वाटेल इतपत गरम. तोवर कांदा-टोमॅटोचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, मटार शिजवले, मीठ-मसाला चाखून पाहिला. सगळं झाल्यावर पनीर घातलं, मंद आचेवर तीन मिनिटं, गॅस बंद, झाकण. बोटांनी दाबलं तर तुकडा दबत होता आणि सोडल्यावर परत येत होता, दाताखाली करकरत नव्हता.

तळण्यावरून आमच्याकडे कायमचं भांडण आहे. अहोंना सोनेरी कडा लागतात. तळल्याने वरची कातडी कोरडी पडून चिवट होते, म्हणून मी तडजोड केली आहे: तव्यावर दोनच बाजू, मिनिटभर, आणि तुकडे तेलातून थेट त्याच गरम मिठाच्या पाण्यात. कातडी मऊ पडते, रंग राहतो. बुधवारी मात्र न तळलेलंच वाढलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यांनी, काही बोलले नाहीत.