सहा महिने कमी

अनुभवाच्या रकान्यात फक्त पूर्णांक चालत होता. माझी नोकरीची दोन वर्षं आणि त्याआधीची सहा महिन्यांची इंटर्नशिप. तीन लिहिलं तर खोटं, दोन लिहिलं तर बाद. मी दोन लिहिलं. अर्ज पाठवून चहा गाळेपर्यंत उत्तर आलं: 'आपल्या अर्जाचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला. या पदासाठी किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक आहे.' एवढ्या वेळात आमच्या घरी कुणी साखरेचाही काळजीपूर्वक विचार करत नाही.

फेरविचाराची विनंती करायची असं ठरलं आणि घरात सल्लागार मंडळ बसलं. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद ओढला, डावीकडे समास सोडला आणि 'विषय: अनुभवाची अट शिथिल होणेबाबत' लिहून खाली रेघ मारली. मग 'संदर्भ: आपला नकाराचा ईमेल', मग 'सविनय सादर', आणि शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. मी म्हटलं, "काका, सॉफ्टवेअर कंपनी आहे." ते म्हणाले, "माणसंच बसलेली असतात ना तिथे?"

माझा स्वतःचा खर्डा याच्या बरोब्बर उलट होता. त्यात 'अनुभव वर्षांत मोजणं कितपत योग्य?' असा प्रश्न होता आणि तीन वर्षं एकच बटण दाबत बसणाऱ्या एका काल्पनिक माणसाशी माझी तुलना होती. वाचून मलाच टाळी द्यावीशी वाटली.

मावसबहीण एका कंपनीत भरती बघते. तिने दोन्ही वाचले आणि विचारलं, "हे कुणाला पाठवणार?"

"रिक्रूटरला."

"अट तिने घातलेली नाही, ती काढूही शकत नाही. ज्याच्या टीममध्ये जागा आहे तो मॅनेजर ठरवणार. तिच्या हातात एकच गोष्ट आहे: तुझा मेल त्याला पुढे पाठवणं. तुझा हा मेल पुढे पाठवला तर मॅनेजर तिलाच विचारेल, हा भांडखोर कुठून शोधलास?"

सरकारी भरतीत तर हा मेलही लिहू नकोस, असं तिने वर सांगितलं. तिथे जाहिरातीतली अनुभवाची अट ही अट असते. एकाला सूट दिली, तर जाहिरात वाचून ज्यांनी अर्जच केला नाही ते कोर्टात जातील. काकांनी मान हलवली. या एकाच मुद्द्यावर त्या दोघांचं एकमत झालं.

मग तिने विचारलं, "तीन वर्षं कशासाठी मागितली असतील?" जाहिरातीत पुढेच लिहिलं होतं: ऑनलाइन पेमेंटची जोडणी, आणि चालू सिस्टिम बिघडली तर स्वतः निस्तरणं. म्हणजे त्यांना पोळलेला माणूस हवा होता. पोळण्याच्या बाबतीत मी वयाच्या मानाने बराच पुढे आहे.

आमच्या कंपनीचं सोसायट्यांच्या मेंटेनन्स वसुलीचं सॉफ्टवेअर आहे. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे आमच्या सर्व्हरला निरोप पाठवतो. सर्व्हरने वेळेत पोच दिली नाही तर तोच निरोप पुन्हा येतो. महिन्याच्या सुरुवातीला गर्दी, सर्व्हर मंद, आणि एकाच पेमेंटच्या दोन पावत्या. गंमत म्हणजे सभासदांपैकी कुणीच तक्रार केली नाही. तक्रार केली खजिनदारांनी, कारण हिशेबात बँकेपेक्षा जास्त पैसे दिसत होते. मी प्रत्येक पेमेंटचा क्रमांक डेटाबेसमध्ये एकदाच नोंदता येईल असा नियम घातला. तोच क्रमांक पुन्हा आला की पोच द्यायची आणि पावती करायची नाही. जुन्या दुहेरी पावत्या शोधून रद्दही केल्या.

"हे लिही," बहीण म्हणाली. "आणि हुशारी सांगू नकोस, काय बिघडलं होतं ते सांग." मी आणखी चार प्रोजेक्ट काढले, त्यात कॉलेजचा हजेरीचा ॲपही. तिने सगळे खोडले. जाहिरातीतल्या कामाशी जे जुळत नाही ते वाचलं की भरताड वाटतं, म्हणे.

शेवटी 'नो-रिप्लाय'ला उत्तर न देता, जाहिरातीतल्या रिक्रूटरच्या पत्त्यावर, पदाचा क्रमांक विषयात घालून मेल गेला. मजकूर इंग्रजीत, आशय असा:

'कळवल्याबद्दल आभार. तीन वर्षांची अट समजली. माझी नोकरीची दोन वर्षं आणि इंटर्नशिपचे सहा महिने आहेत. फॉर्ममध्ये दोनच नोंदवता आली. जाहिरातीतल्या पेमेंटच्या कामाशी थेट जुळणारं एक काम खाली चार ओळींत दिलं आहे. ते पाहून अर्जाचा पुन्हा विचार शक्य असेल तर मॅनेजरना दाखवाल का? अट पक्की असेल तर तसं कळवलंत तरी चालेल.'

शेवटचं वाक्य मला नको होतं. नकाराचं दार आपणच कशाला उघडून द्यायचं? बहीण म्हणाली, "नाही म्हणायची सोय ठेवली की विनंती विनंतीसारखी वाटते." काकांनी गुपचूप 'सविनय' घुसवायचा प्रयत्न केला, पण त्याला इंग्रजीत जागा सापडेना.

उत्तर आलं. मॅनेजर बोलायला तयार होते. सोबत एक छोटा फॉर्म होता, त्यात नोटीस पिरियड: जास्तीत जास्त तीस दिवस. माझा नव्वद.

काकांनी नवा कागद घेतला, समास सोडला आणि विचारलं, "संदर्भात आधीचं पत्र टाकायचं ना?"